गाडीचा शॉकअप गेलाय का? फोनच्या सेन्सरने मोजून बघू

गॅरेजमध्ये गाडी नेली आणि "शॉकअप बघा जरा" म्हटलं की मेकॅनिक काय करतो, ते तुम्ही पाहिलं असेल. चाकाच्या वरच्या पत्र्यावर दोन्ही तळहात ठेवतो, अंगाचा भार टाकून दोन-तीनदा दाबतो आणि हात काढून घेतो. गाडी एकदा वर येऊन गप्प बसली तर ठीक. डोलत राहिली तर "गेला शॉकअप."

ही चाचणी चांगली आहे, पण निकाल बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो. 'थोडी डोलते' आणि 'जास्त डोलते' यांच्यातली रेघ प्रत्येक जण वेगळी ओढतो. गंमत अशी की तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर आहे आणि हीच चाचणी तो आकड्यांत करू शकतो. त्यातून फक्त दोन आकडे काढायचे आहेत. ते मिळाले की कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेगाला गाडी किती हलेल, हेही कागदावर मांडता येतं. मी इंजिनिअरिंग मेकॅनिकलचं केलं आणि नोकरी कोड लिहिण्याची करते, त्यामुळे हा माझा आवडता उद्योग आहे.

दोन तक्रारी, एकमेकींच्या उलट

उदाहरण माझ्या मामाच्या गाडीचं घेऊ. दहा वर्षांची छोटी हॅचबॅक आहे. मामाची तक्रार अशी होती की हायवेवर ऐंशी-नव्वदच्या पुढे गेलं की गाडी होडीसारखी वरखाली डोलते, विशेषतः पुलावर चढताना आणि उतरताना. पण पुढच्याच वाक्यात तो म्हणाला, "गावातल्या छोट्या खड्ड्यांत मात्र पूर्वीपेक्षा मऊ चालते, बघ. मग शॉकअप खराब कसे असतील?"

एका गॅरेजने त्याला पूर्ण यादी दिली होती: चारही शॉकअप आणि पुढच्या दोन्ही स्प्रिंगा. खर्च बऱ्यापैकी होता. म्हणजे आता दोन प्रश्न झाले. खरंच एवढं सगळं बदलायला हवं का? आणि खराब शॉकअपवर गाडी मऊ कशी चालते?

गाडीचा एक कोपरा

पूर्ण गाडीचं गणित मोठं होतं, म्हणून इंजिनिअर लोक गाडीचे चार तुकडे कल्पून एकच कोपरा घेतात. एका चाकावर येणारं बॉडीचं वस्तुमान `m`, त्याखाली स्प्रिंग `k` आणि स्प्रिंगच्या शेजारी शॉकअप `c`. बस, एवढंच.

स्प्रिंग दाबली की ती जेवढी दाबली तेवढ्या प्रमाणात उलट ढकलते. `k` हा आकडा म्हणजे तिचा ताठरपणा. आपल्या उदाहरणात तो १६,००० न्यूटन प्रति मीटर धरू. म्हणजे स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबायला १६० न्यूटन, अंदाजे सोळा किलोचं वजन ठेवावं लागेल.

शॉकअपचं काम वेगळं असतं, आणि 'शॉकअप धक्के शोषतो' या नावामुळे इथेच गोंधळ होतो. खड्ड्याचा धक्का आधी स्प्रिंग झेलते. शॉकअपच्या नळीत तेल असतं आणि एक पिस्टन असतो. पिस्टन हलला की तेल बारीक भोकांतून जबरदस्तीने जातं आणि गरम होतं. स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा अशी उष्णता होऊन निघून जाते. पिस्टन जितका जोरात हलेल तितका विरोध जास्त, आणि स्थिर असेल तर विरोध शून्य. `c` बाराशे असेल तर पिस्टन सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने हलताना १२० न्यूटनचा विरोध होतो. शॉकअपचं तेल गळलं किंवा आतली सील-व्हॉल्व्ह झिजली की हा `c` घसरतो. स्प्रिंगला काहीच झालेलं नसतं, पण तिने साठवलेली ऊर्जा घेणारं कोणी उरत नाही, म्हणून गाडी डोलत राहते.

आता बॉडीची उंची `x` आणि चाकाखालच्या रस्त्याची उंची `y` धरू. दोन्ही गाडी शांत उभी असतानाच्या जागेपासून मोजायच्या. असं केलं की गुरुत्वाकर्षण समीकरणातून आपोआप बाहेर जातं, कारण गाडीचं वजन पेलायला स्प्रिंग आधीच हवी तेवढी दाबली गेलेली असते. उरतं ते असं:

```
m·x'' = -k·(x - y) - c·(x' - y')
```

एक डॅश म्हणजे वेग, दोन डॅश म्हणजे त्वरण. डावीकडे न्यूटनचा दुसरा नियम आहे. उजवीकडे स्प्रिंग आणि शॉकअप आहेत, आणि दोघंही बॉडी आणि रस्ता यांच्यातल्या फरकाकडेच बघतात.

पूर्ण समीकरणाला `m` ने भागलं की तीन आकड्यांऐवजी दोनच उरतात:

```
wn   = sqrt(k/m)
zeta = c / (2·sqrt(k·m))
```

पहिला म्हणजे नैसर्गिक वारंवारता. गाडीला धक्का देऊन सोडलं आणि शॉकअप नसताच, तर ती ज्या लयीत डोलेल ती लय. झोपाळ्याला जशी स्वतःची लय असते, तशीच. `m` २५० किलो घेतला तर `wn` आठ रेडियन प्रति सेकंद येतो. त्याला २π ने भागा: १.२७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सव्वा झोका. प्रवासी गाड्या साधारण एक ते दीड हर्ट्झच्या दरम्यान ठेवलेल्या असतात.

दुसरा आकडा डॅम्पिंग रेशो. शॉकअप इतका कडक केला की दाबलेली गाडी न डोलता, सरळ हळूहळू मूळ जागी येते, ती सीमारेषा म्हणजे `zeta` एक. आपल्या कोपऱ्यासाठी ती सीमा `c` ४,००० ला येते. आपला `c` बाराशे, म्हणजे डॅम्पिंग रेशो ०.३. तुम्ही म्हणाल, मग चांगल्या गाडीत एकच का ठेवत नाहीत? त्याचं उत्तर थोडं पुढे येईल, आणि मामाच्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तरही तेच आहे.

मोजमाप: दोन मिनिटांचं काम

प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवर `phyphox` शोधा. जर्मनीतल्या आखेन इथल्या तांत्रिक विद्यापीठाने बनवलेलं हे फुकट ॲप आहे. त्यात `Acceleration with g` हा प्रयोग उघडा. शेजारीच गुरुत्वाकर्षण वजा करून दाखवणारा प्रयोगही आहे. पण ती वजाबाकी सॉफ्टवेअर करतं आणि त्यात कधीकधी सिग्नलला हात लागतो. म्हणून मी कच्चा डेटा घेते आणि शांत असतानाची सरासरी, साधारण ९.८, स्वतः वजा करते.

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला. टायरमधली हवा बरोबर हवी, कारण टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे आणि मऊ टायर तुमचं उत्तर बदलतो. फोन बॉनेटच्या कडेला, चाकाच्या जवळ, दुहेरी टेपने पक्का चिकटवा. नुसता ठेवला तर तो घसरतो आणि त्या थरथरीत आपला सिग्नल हरवतो. बॉनेट थोडं उतरतं असलं तरी चालेल. त्याने सगळे आकडे एकाच प्रमाणात कमी होतात आणि आपल्याला गुणोत्तरच हवंय.

आता रेकॉर्डिंग सुरू करा. चाकावरच्या पत्र्यावर हात ठेवून गाडीच्याच लयीत तीन-चारदा दाबा आणि शेवटच्या दाबाला सगळ्यात खाली असताना हात झटकन काढा. मग पाच सेकंद गाडीला हात लावू नका. हे पाच वेळा करा.

इथे एक गोष्ट फार सोयीची आहे. आपण बॉडीची हालचाल सेंटिमीटरमध्ये मोजत नाही, त्वरण मोजतोय. पण हात काढल्यावर बॉडी जशी विरत जाते, तसंच तिचं त्वरणही विरतं, त्याच लयीत आणि त्याच वेगाने. त्यामुळे त्वरणाचं विस्थापन करायची गरज नाही. त्या रूपांतरात सेन्सरची छोटी चूकही फुगत जाते, ती भानगडच टळते.

आलेख वाचू या

हात काढतानाचा पहिला टोकदार भाग सोडून द्यायचा, कारण त्यात हाताचा जोर मिसळलेला असतो. शेवटची बारीक वळवळही सोडायची. तिथे रबरी बुश आणि सांध्यांमधलं घर्षण वरचढ होतं आणि झोके एकदम मरतात. मधले स्वच्छ टोक घ्यायचे, वरचे आणि खालचे दोन्ही.

मामाच्या गाडीच्या पुढच्या उजव्या बाजूला तीनच टोकं हाती लागली: +१.९०, −०.६२, +०.२६ मीटर प्रति सेकंद वर्ग. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत ०.८२ सेकंद. म्हणजे एका पूर्ण झोक्यात गाडी जवळजवळ शांत झाली.

पुढच्या डाव्या बाजूला पाच टोकं: +१.९५, −१.४२, +१.०४, −०.७६, +०.५५. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत १.५८ सेकंद, म्हणजे दोन पूर्ण झोके.

नुसतं बघूनही फरक कळतो, पण आकडा काढू. एका अर्ध्या झोक्यात टोक किती पटीने लहान होतं, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा. पाठ्यपुस्तकात पूर्ण झोक्याचं सूत्र असतं, पण चांगल्या शॉकअपला पूर्ण झोके मिळतच नाहीत, म्हणून अर्ध्याचं वापरायचं:

```
d    = ln(a_first / a_last) / n
zeta = d / sqrt(pi^2 + d^2)
```

`n` म्हणजे दोन टोकांमधले अर्धे झोके. उजवीकडे `ln(1.90/0.26)/2` म्हणजे ०.९९, त्यावरून डॅम्पिंग रेशो ०.३०. डावीकडे `ln(1.95/0.55)/4` म्हणजे ०.३२, त्यावरून ०.१०. डावा शॉकअप उजव्याच्या एक तृतीयांश काम करतोय.

उजवीकडे एक बारीक गोष्ट दिसते. १.९० वरून ०.६२ ही घट मोठी आहे, पण ०.६२ वरून ०.२६ ही तुलनेने कमी. हा मोजमापातला दोष नाही. बहुतेक गाड्यांचे शॉकअप ताणले जाताना जास्त विरोध करतात आणि दाबले जाताना कमी. असं ठेवल्याने उंचवट्यावर चाक पटकन वर जाऊ शकतं आणि बॉडीला कमी धक्का बसतो. आपलं समीकरण मात्र दोन्हीकडे एकच `c` धरतं. म्हणून अर्धे झोके नेहमी सम संख्येत घ्या, म्हणजे दोन्ही दिशांची सरासरी निघते. डावीकडे हा फरक जवळपास दिसतच नाही, आणि तोही शॉकअप गेल्याचाच पुरावा आहे. आतले व्हॉल्व्ह काही करत नसतील तर ताणणं आणि दाबणं सारखंच वाटणार.

आता लय. उजवीकडचा पूर्ण झोका ०.८२ सेकंदाचा, म्हणजे `2·pi/0.82` = ७.६६. पण ही डॅम्पिंगसकटची लय आहे, आणि डॅम्पिंग झोका थोडा लांबवतं. नैसर्गिक वारंवारता काढायला तिला `sqrt(1 - zeta^2)` ने भागायचं. आलं ८.०३. डावीकडे झोका ०.७९ सेकंदाचा, तेच करून ७.९९. दोन्ही बाजूंना आठ!

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला निकाल हाच. नैसर्गिक वारंवारतेत `c` येत नाही, फक्त `k` आणि `m` येतात. दोन्ही बाजूंना ती सारखी, म्हणजे दोन्ही स्प्रिंगांचा ताठरपणा सारखा. स्प्रिंगचा वेढा तुटला असता तर तो बदलला असता. फक्त एक फट उरते: स्प्रिंग बसकी झाली, म्हणजे तिची उंची कमी झाली, तरी तिचा ताठरपणा तसाच राहतो आणि ते आपल्या चाचणीला दिसत नाही. त्यासाठी टेप घेऊन दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजायचं. मामाच्या गाडीत ते दोन्हीकडे सारखं आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला धरून होतं. मागच्या दोन्ही चाकांना डॅम्पिंग रेशो ०.२७ आणि ०.२८ आला, म्हणजे व्यवस्थित. यादीतल्या सहा वस्तूंपैकी खराब एकच निघाली. शॉकअप मात्र एका ॲक्सलचे दोन्ही एकदम बदलतात, नाहीतर डावी-उजवी बाजू वेगळी वागते. म्हणून मामाने पुढचे दोन बदलले आणि बाकीची यादी घडी घालून ठेवली.

लक्षात घ्या, आत्तापर्यंत गाडीचं वजन आपल्याला लागलंच नाही. `k` आणि `c` चे प्रत्यक्ष आकडे हवे असतील तरच `m` लागतो. तो मी रिकाम्या गाडीच्या वजनावरून, पुढच्या बाजूला साधारण साठ टक्के भार धरून आणि चाकाचं वजन वजा करून अंदाजे २५० किलो काढला. त्यावरून `k` सोळा हजार, उजवा `c` बाराशे आणि डावा चारशे.

ट्रान्सफर फंक्शन: रस्ता आत, हालचाल बाहेर

आता मामाचा दुसरा प्रश्न. त्यासाठी मूळ समीकरणात रस्ता परत आणू. रस्ता हे इनपुट, बॉडी हे आउटपुट, आणि ट्रान्सफर फंक्शन म्हणजे दोघांचं गुणोत्तर. ते काढायला `s` हे अक्षर वापरतात. सध्यापुरतं `s` म्हणजे 'एकदा डेरिव्हेटिव्ह घे' ही सूचना समजा. `x'` च्या जागी `s·X`, `x''` च्या जागी `s^2·X`. कॅल्क्युलसचं समीकरण शाळेतल्या बीजगणितात उतरतं. `X` एका बाजूला, `Y` दुसऱ्या बाजूला गोळा केलं की:

```
X/Y = (c·s + k) / (m·s^2 + c·s + k)

    = (2·zeta·wn·s + wn^2) / (s^2 + 2·zeta·wn·s + wn^2)
```

दुसऱ्या ओळीत पुन्हा तेच दोन आकडे आहेत, जे आपण फोनने मोजले. वरच्या भागातला `s` चा पद विसरू नका. काही उदाहरणांत वर फक्त `wn^2` दिसतं. ते बळ थेट वस्तुमानावर लावलं असेल तर बरोबर, पण गाडीत रस्त्याची हालचाल शॉकअपमधूनही वर येते. तो पद गाळला तर कडक शॉकअप नेहमीच आरामदायी असं चुकीचं उत्तर मिळतं.

रस्ता लाटांसारखा आहे असं धरा. एखाद्या वारंवारतेची लाट दिली तर बॉडी किती पट हलेल, ते `s` च्या जागी `j·w` घालून कळतं. हाताने करायला कंटाळवाणं आहे, पायथनमध्ये चार ओळींचं काम:

```python
import numpy as np
from scipy import signal

wn = 8.0
f = np.array([0.3, 1.27, 1.8, 6.4])
for zeta in (0.3, 0.1):
    H = signal.TransferFunction([2*zeta*wn, wn**2],
                                [1, 2*zeta*wn, wn**2])
    w, y = signal.freqresp(H, 2*np.pi*f)
    print(zeta, np.round(np.abs(y), 2))
```

उत्तर येतं:

```
0.3 [1.06 1.95 1.   0.13]
0.1 [1.06 5.11 1.   0.06]
```

वरची ओळ चांगल्या शॉकअपची, खालची डाव्या, गेलेल्या शॉकअपची. एकेक स्तंभ वाचू.

०.३ हर्ट्झला, म्हणजे लांबलचक चढ-उताराला, दोघंही सारखे. गाडी रस्त्याबरोबर वर जाते, रस्त्याबरोबर खाली येते.

१.२७ हर्ट्झ ही गाडीची स्वतःची लय. रस्त्याने नेमक्या याच लयीत ढकललं तर चांगला शॉकअपही लाट दुप्पट करतो, पण गेलेला पाचपट करतो. एक सेंटिमीटरच्या लाटेवर बॉडी पाच सेंटिमीटर वर आणि पाच खाली. ही लय रस्त्यावर केव्हा भेटते? वेगाला वारंवारतेने भागा. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, भागिले १.२७, म्हणजे सुमारे वीस मीटर लांबीची लाट. पुलाच्या टोकाशी भराव खचून रस्त्याला जे लांबट खोलगट वळण पडतं, ते या मापाच्या आसपासचं असतं. मामाची होडी तिथेच डोलत होती. हाच खोलगट भाग ताशी ५० ने ओलांडला तर वारंवारता ०.७ हर्ट्झ होते आणि डोलणं एकदम कमी होतं. पाचपट हा आकडा मात्र एकामागून एक बऱ्याच लाटा आल्या तरचा आहे. एकाच खोलगट भागात गाडी तिथपर्यंत पोचत नाही, पण नंतर बराच वेळ हलत राहते.

१.८ हर्ट्झला दोन्ही ओळींत बरोबर एक आहे. हा योगायोग नाही. नैसर्गिक वारंवारतेच्या √२ पटीला ट्रान्सफर फंक्शनचं उत्तर, डॅम्पिंग कितीही असो, एकच येतं. सगळे आलेख या बिंदूतून जातात. त्याच्या अलीकडे जास्त डॅम्पिंग फायद्याचं, पलीकडे तोट्याचं.

आणि तो तोटा शेवटच्या स्तंभात दिसतो. ६.४ हर्ट्झ म्हणजे ताशी ३० च्या वेगाला सव्वा मीटर अंतराने येणारे ठिगळ-खड्डे. चांगला शॉकअप त्यातला १३ टक्के भाग वर पोचू देतो, गेलेला फक्त ६ टक्के. म्हणजे मामाचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. गावात गाडी पूर्वीपेक्षा मऊ झालीच होती! पटपट येणाऱ्या धक्क्यांत शॉकअप हा बॉडी आणि चाक यांना जोडणारा दांडाच होऊन बसतो, आणि तो सैल झाला की धक्काही कमी पोचतो. `zeta` एक का ठेवत नाहीत, त्याचं उत्तरही हेच. कोडमध्ये ०.१ च्या जागी १ घालून बघा: शेवटचा आकडा ०.३८ होईल आणि प्रत्येक खडा मणक्यात जाणवेल. ०.२ ते ०.४ ही या दोघांमधली तडजोड आहे.

मॉडेल जिथे आंधळं होतं

या आकड्यांवरून कोणी म्हणेल, मी गावातच चालवतो, मग गेलेला शॉकअपच बरा. इथे आपलं मॉडेल अपुरं पडतं, आणि ते कुठे अपुरं पडतं हे माहीत असायला हवं.

आपण चाकाचं वस्तुमान पूर्ण वगळलं आणि चाक रस्त्याला चिकटूनच चालतं असं धरलं. खरं तर चाक, ब्रेक, हब मिळून तीसेक किलो होतात. त्याच्या वर सस्पेन्शनची स्प्रिंग आणि खाली टायर, जो स्प्रिंगपेक्षा दहा-बारापट ताठर असतो. टायरचा ताठरपणा १,८०,००० धरला तर चाकाची स्वतःची नैसर्गिक वारंवारता अशी:

```
sqrt((16000 + 180000)/30) / (2·pi) = 12.9 Hz
```

म्हणजे गाडीत दोन लयी आहेत. बॉडी सेकंदाला सव्वा वेळा डोलते आणि चाक तेरा वेळा उसळतं. दोन्ही आवरायचं काम त्याच एका शॉकअपकडे असतं. तो गेला की बॉडीवर बसलेल्या तुम्हाला मऊ वाटतं, पण खाली चाक रस्त्यावर नाचत असतं. चाक हवेत किंवा अर्धवट टेकलेलं असताना ब्रेक दाबला तर टायरला पकड मिळत नाही. थांबायचं अंतर वाढतं आणि वळणावर गाडी बाहेर सरकते. बॉनेटवरच्या फोनला हे जवळपास दिसत नाही. खरी खूण टायरवर मिळते: टायरच्या घेरावर हात फिरवला तर जागोजागी झिजलेले खळगे लागतात. मामाच्या डाव्या टायरवर ते होते.

बाकी मर्यादा छोट्या आहेत. एक कोपरा दाबला तरी गाडी थोडी कलते आणि दुसऱ्या कोपऱ्यांनाही हलवते, त्यामुळे डाव्या-उजव्याची तुलना जितकी भरवशाची तितका एकटा आकडा नाही. आपण काढलेल्या `k` मध्ये टायरही मिसळलेला आहे, म्हणून तो कंपनीच्या स्प्रिंगच्या आकड्याशी जुळणार नाही. आणि हे सगळं रिकाम्या गाडीचं गणित आहे. त्या चाकावरचा भार २५० वरून ३०० किलो झाला तर लय १.१६ हर्ट्झवर येते आणि चांगल्या शॉकअपचाही डॅम्पिंग रेशो ०.३० वरून ०.२७ वर. म्हणून आज रिकामी आणि सहा महिन्यांनी डिकी भरलेली गाडी मोजून तुलना करू नका.

नवे शॉकअप बसवल्यावर मी तसंच परत मोजलं, गाडी रिकामी, टायरची हवा तीच. पुढचा डावा ०.३३, उजवा ०.३२. मामा आता म्हणतो, गावात गाडी जरा कडक लागते.